एका खाटेचे दोनदा पैसे: शिबिराच्या हिशोबावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«चार रात्रींचे १४,५०० रुपये? तीच खोली ऑनलाइन १,८०० ला दिसते, जेवण म्हणजे मुगाची खिचडी, शिकवणार दिवसाला चार तास. इगतपुरीला दहा दिवस फुकट शिकवतात. वर माझ्या बायकोला डेंग्यू झाला म्हणून १८ दिवस आधी नाव मागे घेतलं, तर निम्मेच पैसे परत. योगाच्या नावावर धंदा चाललाय.»
(पुण्याहून एक वाचक)

नमस्कार. वहिनी आता बऱ्या असतील अशी आशा करते. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा लवकर जात नाही, तेव्हा आसनांची घाई नको.

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि नोव्हेंबरच्या शिबिराची वही काढून बसले. एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलंय. पण ते नीट कळायचं तर आधी पैसे कुठे जातात ते बघावं लागेल.

शिबिर वाईजवळ, धोम धरणाच्या बाजूला एका कृषी पर्यटन केंद्रावर होतं. बुधवारी संध्याकाळी पोहोचायचं आणि रविवारी जेवून निघायचं. शिबिरार्थी २०, पण राहायला आणि जेवायला माणसं २४: दोन शिक्षक, मी आणि मदतीला एक मुलगी. पहिल्या वर्षी मी नेमकी इथेच चुकले होते, २० जणांचाच हिशोब धरला होता. आपण चौघं काही हवेवर राहत नाही, आपल्याही खोल्या लागतात आणि ताटं लागतात.

दोघांत एक याप्रमाणे १२ खोल्या झाल्या. दर करासकट २,३०० रुपये, म्हणजे चार रात्रींचे १,१०,४००. खोल्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फायदा या दरात आलेला आहे. तुम्ही पाहिलेले १,८०० बहुतेक मधल्या वारचे असतील. आपल्या चार रात्रींत शुक्रवार आणि शनिवार दोन्ही येतात. आणि आणखी एका गोष्टीचे आपण पैसे मोजतो. या ठिकाणी एकूण १४ खोल्या आहेत. आपण किमान १० घेतल्या तर मालक उरलेल्या कोणालाही देत नाहीत. पूर्वी एकदा दुसऱ्या जागी आठच खोल्या घेतल्या होत्या. शेजारी वाढदिवस होता, रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू. सकाळी सहाच्या सत्राला निम्मे लोक डोळे चोळत आले आणि दोघं आलेच नाहीत. तेव्हापासून शांततेचे पैसे मी खोलीच्या दरातच धरते.

जेवणाचे माणशी रोजचे ६५०, म्हणजे चार दिवसांचे २,६०० आणि २४ जणांचे ६२,४००. खिचडी एका रात्रीच होती, पण मुद्दा पदार्थांचा नाही, वेळांचा आहे. आसनं रिकाम्या पोटी करायची असतात, म्हणून सकाळी सहाच्या आधी फक्त कोमट पाणी, नाश्ता सव्वाआठला. दुपारचं जेवण साडेबाराला, कारण पाचच्या सत्राआधी चार तास तरी जायला हवेत. रात्रीचं साडेसातला संपवायचं. जागेवरचा स्वयंपाकी एरवी नऊला नाश्ता आणि रात्री नऊला जेवण देतो. त्याचं सगळं वेळापत्रक उलटंपालटं होतं, पहाटे पाचला शेगडी पेटवावी लागते, म्हणून आचाऱ्याच्या जोडीला गावातल्या दोन बायका घ्याव्या लागतात. ६५० मध्ये शिध्याइतकाच वाटा या हातांचा आहे.

आता शिक्षक. मुख्य शिक्षिकांचं मानधन रोजचं ६,०००, साहाय्यकाचं ३,०००, चार दिवसांचे ३६,००० आणि प्रवासाचे ४,०००. दुसरा माणूस कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. समोर उभं राहून सूचना देणाऱ्याला मागच्या रांगेतली मान दिसत नाही. या शिबिरात एका काकांनी अर्जात रक्तदाबाच्या पुढे ‘नाही’ लिहिलं होतं. सर्वांगासन सुरू झालं तसा त्यांचा चेहरा लालबुंद व्हायला लागला. साहाय्यकाने पाठीला हात देऊन त्यांना हळूच खाली आणलं आणि आडवं झोपवून ठेवलं. सत्र संपल्यावर काकांनी सांगितलं की गोळी रोज घेतो, लिहायचं राहिलं. दहा जणांमागे फिरती नजर हवीच, आणि त्यात काटकसर मी करणार नाही.

सभागृहाचे १२,०००. दिवसरात्र उभ्या ठेवलेल्या गाडीचे, चालकाच्या भत्त्यासकट, १४,०००. कोणाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर वाईपर्यंत पोहोचायचं कसं, म्हणून ती गाडी. जलनेतीची भांडी, पट्टे, औषधपेटी यांचे ६,०००. आणि ऐनवेळच्या खर्चाला १२,०००. यंदा दोन दिवस वीज गेली आणि त्यातले ४,६०० जनरेटरच्या डिझेलला गेले.

एकूण बेरीज २,५६,८००. वीस जणांचे २,९०,००० जमा होतात. उरतात ३३,२००. तीन महिन्यांचे फोन, जागेच्या दोन फेऱ्या आणि ते चार दिवस यांचा तो माझा मेहनताना आहे. तो मी घेते आणि त्याची लाज वाटत नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राबद्दल मला फार आदर आहे. पण तिथेही खर्च शून्य नसतो. आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानातून तो भागतो, आचार्य मानधन घेत नाहीत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत धम्मसेवक विनामोबदला राबतात. माझ्यामागे असा न्यास नाही.

आता रद्द करण्याच्या नियमाकडे येते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे.

वरच्या आकड्यांत एक माणूस कमी झाला तर काय वाचतं ते बघा. फक्त त्याच्या जेवणाचे २,६००, आणि तेसुद्धा तीन दिवस आधी कळलं तरच, कारण दूध-भाजीची ऑर्डर तेव्हा जाते. खोली, शिक्षक, सभागृह, गाडी, यातलं काहीच कमी होत नाही. १४,५०० ची जमा जाते आणि २,६०० चा खर्च वाचतो, म्हणजे ११,९०० चा खड्डा पडतो. असे तीन जण शेवटच्या आठवड्यात गळले आणि त्यांचे पूर्ण पैसे परत केले, तर जमा २,४६,५०० आणि खर्च २,४९,०००. माझा मेहनताना तर जातोच, वर अडीच हजार खिशातून.

म्हणून नियम असा आहे: ३० दिवस आधीपर्यंत हजार रुपये वजा करून सगळे परत, ३० ते १५ दिवसांत निम्मे, त्यानंतर काही नाही, मात्र तीन दिवस आधीपर्यंत आपल्या जागी दुसरं माणूस पाठवता येतं. या तारखा मी मनाने ठरवलेल्या नाहीत. जागेच्या मालकाशी झालेल्या करारात याच आहेत. ३० दिवस आधीपर्यंत खोल्या सोडता येतात, पुढे निम्मं भाडं बुडतं, १५ दिवसांच्या आत सगळं. मला जेव्हा पैसे परत मिळू शकतात तेव्हा मी ते देऊ शकते. कुठल्याही शिबिराच्या नियमाची पारख करायची तर आयोजकाला हाच प्रश्न विचारा, की तुमच्या जागेचा करार कुठल्या तारखांना पक्का होतो. दोन महिने आधीपासूनच ‘पैसे परत नाहीत’ म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर देता यायला हवं.

आयोजकाने शिबिर रद्द केलं तर काय, हेही विचारा. आमच्याकडे शिबिराच्या ३२ दिवस आधी नावं मोजतो. १६ पेक्षा कमी असतील तर शिबिर होत नाही आणि पूर्ण पैसे परत जातात, ते हजारसुद्धा. आकडा १६ का? १६ जणांना आम्हा चौघांसकट १० खोल्या लागतात, खर्च २,२८,००० वर येतो आणि जमा होते २,३२,०००. जेमतेम बसतं. आणि बत्तिसावा दिवस अशासाठी, की त्यानंतर दोनच दिवसांत खोल्या सोडायची मुदत संपते. त्या दिवसाच्या आधी गाडीची तिकिटं काढू नका असं अर्जावर लिहिलेलं आहे, कारण तिकिटाचे पैसे मी भरून देऊ शकत नाही.

आता माझी चूक. वहिनींनी १८ दिवस आधी कळवलं, मी नियमाप्रमाणे ७,२५० परत केले आणि विषय संपला असं समजले. तुमची प्रतिक्रिया वाचून वही पुन्हा पाहिली. वहिनींच्या खोलीत दुसऱ्या एक ताई एकट्या राहिल्या असत्या, म्हणून प्रतीक्षायादीतल्या साताऱ्याच्या एका बाईंना फोन केला होता. यादीत वर दोन पुरुष होते, पण ती खाट त्यांना देता येत नव्हती. त्या बाई आल्या आणि त्यांनी पूर्ण १४,५०० भरले. म्हणजे त्या एका खाटेचे माझ्याकडे २१,७५० जमा झाले. खड्डा पडलाच नव्हता. जे नुकसान झालंच नाही ते मी वहिनींकडून वसूल केलं, आणि नियमात तशी तरतूद नव्हती हे काही त्याचं उत्तर नाही.

हजार रुपये वजा जाता १३,५०० परत जायला हवे होते. उरलेले ६,२५० ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर सोमवारी जमा करते. वहीत अशी आणखी एक नोंद सापडली, मार्चच्या शिबिरातली. त्यांनाही काल फोन केला.

अर्जावर नवं वाक्य घातलंय: ‘तुमची जागा प्रतीक्षायादीतून भरली गेली, तर रद्द कधीही केलं असलं तरी हजार रुपये वजा करून सर्व रक्कम शिबिर संपल्यापासून सात दिवसांत परत मिळेल.’ शिबिर संपल्यावरच, कारण जागा भरलेला माणूसही आदल्या दिवशी गळू शकतो. त्याच्याखाली लहान अक्षरात नाही, त्याच आकारात लिहिलंय की जोडीच्या खोलीतली जागा त्याच गटातल्या व्यक्तीनेच भरता येते, बाईंच्या जागी बाई आणि पुरुषाच्या जागी पुरुष. यादीत तसं कोणी नसेल तर तारखांचा जुना नियम लागेल.

पैसे सोमवारी संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत तर इथेच लिहा.