दहा टक्के सुटीच्या बिलात आमच्याकडून झालेली चूक

ग्राहकाचा अभिप्राय: "लग्नाच्या आहेरासाठी टॉवेल आणि चादरी घेतल्या. दहा टक्के सूट सांगितली होती. बिल 27,304 झालं आणि कापले फक्त 2,380. हे दहा टक्के होतात का? वर एकाच बिलात कुठे 5 टक्के जीएसटी, कुठे 18. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, कॉम्प्युटर लावतो. माल चांगला, हिशोब खोटा."

नमस्कार ताई,

तुमचं बिल काल काढून ओळ न् ओळ तपासलं. चूक आमची आहे, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. तुमच्या हिशोबाने, म्हणजे 27,304 च्या दहा टक्क्यांतून कापलेले 2,380 वजा जाता, 350 रुपये 40 पैसे परत मिळायला हवेत. आम्ही 1,614 रुपये देणं लागतो.

तुमचा माल असा होता: 150 चे 40 टॉवेल म्हणजे 6,000, 2,700 च्या 4 जेकार्ड चादरी म्हणजे 10,800 आणि 3,500 ची 2 बेडकव्हर म्हणजे 7,000. एकूण 23,800. आमच्या चिठ्ठीवरच्या किमतींत कर धरलेला नसतो. मुलाने आधी या पूर्ण रकमेवर 3,504 रुपये कर लावला आणि मालाच्या दहा टक्के, म्हणजे 2,380, बिलाच्या तळाशी वजा केले. म्हणजे जे पैसे तुम्ही दिलेच नाहीत, त्यांच्यावरही तुमच्याकडून कर घेतला गेला.

विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट मालाच्या किमतीतून आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर कर लागतो. सीजीएसटी कायद्याच्या कलम 15 मध्येच तसं आहे. दर तेच राहिले तर टक्क्यांतली सूट आधी कापा नाहीतर करासकट रकमेवर कापा, उत्तर एकच येतं. म्हणून तुमचा आकडा त्या तर्काने बरोबर आहे.

पण चादरींचा दर तोच राहत नाही, आणि खरी चूक इथे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चादरी-टॉवेलसारख्या मालावर नगाची विक्री किंमत 2,500 पर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्यावर गेली तर 18 टक्के कर आहे. ही मर्यादा एका नगाची, बिलाच्या बेरजेची नाही. म्हणून 6,000 चे टॉवेल 5 टक्क्यांतच राहतात, आणि एका बिलात दोन दर येणं चूक नाही. विक्री किंमत म्हणजे चिठ्ठीवरची नव्हे, सूट जाऊन तुम्ही खरोखर देता ती. 2,700 ची चादर सुटीनंतर 2,430 ला पडते. ती 5 टक्क्यांत बसते, आम्ही 18 लावले. बेडकव्हर सुटीनंतरही 3,150 चं आहे, त्यावर 18 बरोबरच.

बरोबर बिल असं होतं. टॉवेल 5,400, कर 270. चादरी 9,720, कर 486. बेडकव्हर 6,300, कर 1,134. माल 21,420 आणि कर 1,890, एकूण 23,310. तुम्ही 24,924 भरले. फरक 1,614, आणि त्यातला प्रत्येक रुपया कराचाच आहे. सूट तुम्हाला पूर्ण मिळाली होती, जास्त घेतला गेला तो कर.

मुलाला दोष देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या चादरीला 2,700 या किमतीवरून 18 टक्के दर मीच कायमचा बांधून ठेवला होता. त्यामुळे सूट वस्तूच्या ओळीत टाकली असती तरी दर आपोआप उतरला नसता. आता दर सुटीनंतरच्या किमतीवरून ठरेल असं केलंय आणि तळाची सुटीची चौकट बंद केली आहे. टक्क्यांऐवजी ठोक रक्कम सोडली, समजा 2,000, तर तीही किमतीच्या प्रमाणात प्रत्येक वस्तूवर वाटली जाईल. सगळी 5 टक्क्यांच्या टॉवेलवर टाकली तर 18 टक्क्यांच्या मालावरचा कर कमी होत नाही आणि भुर्दंड ग्राहकाला बसतो.

कोणाला आपलं बिल तपासायचं असेल तर करपात्र मूल्याचा रकाना बघा. तिथे चिठ्ठीवरचीच पूर्ण किंमत असेल आणि सूट कराच्या खाली दिसत असेल, तर कर जास्त लागला आहे. अपवाद नंतर मिळालेल्या सुटीचा: माल नेल्यावर महिन्याने कोणी खुशीने रक्कम सोडली, तर तिचे नियम वेगळे आहेत. तुमची सूट तशी नव्हती, ती पाटीवर लिहिलेली होती आणि बिलातही आहे.

तुमच्या बिलावर क्रेडिट नोट काढली आहे. ती आम्ही विवरणपत्रात दाखवू, म्हणजे आमचाही कर तेवढा कमी होईल. त्यामुळे हे पैसे घेताना संकोच करू नका, ते आमच्या खिशातून जात नाहीत. चाटी गल्लीत यायची गरज नाही, बिलावरच्या नंबरवर फोन करा, त्याच दिवशी रक्कम पाठवतो. चार महिन्यांत असल्याच चादरी सूट घेऊन नेलेल्या बाकीच्यांची बिलंही काढायला घेतली आहेत.