सक्तीची मिलिटरी केली की पोरं सरळ होतील?

"इस्रायलमध्ये प्रत्येकाला मिलिटरी कंपल्सरी आहे, म्हणून तो देश एवढा शिस्तीत. भारतात पण दोन वर्षं सक्ती करा, चौकात बसणारी पोरं आपोआप सरळ होतील आणि सैन्य फुकटात मोठं होईल." (आमच्या पेठेतल्या ग्रुपवर आठवड्यात चौथ्यांदा आलंय.)

काका, पहिलं म्हणजे 'प्रत्येकाला' नाही. तिथं बहुतेक अरब नागरिकांना सक्ती नाही, आणि कट्टर धार्मिक ज्यू पोरांना तर कित्येक वर्षं सूट होती, 2024 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यांनाही भरती करा म्हणून सांगितलं तेव्हा रस्त्यावर राडा झाला.

आता शिस्त. सक्ती शिस्तीसाठी ठेवतच नाहीत हो, राखीव फौजेसाठी ठेवतात. फिनलंड बघा, लोकसंख्या जेमतेम 55 लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगली दोन जिल्ह्यांपेक्षाही कमी, आणि रशियाला लागून 1,300 किलोमीटरची बॉर्डर. एवढ्या माणसात कायमची मोठी फौज पगारावर पोसणं झेपतच नाही, म्हणून पोरगं कामाप्रमाणे 165, 255 नाहीतर 347 दिवस ट्रेनिंग घेतं, घरी जातं, नोकरी करतं, आणि युद्ध लागलं की त्यालाच परत बोलवायचं. असं करून 2,80,000 माणसं उभी राहतात. तोटा पण तिथंच आहे, पोरगं जरा तयार झालं की घरी जातं, मग पुढची बॅच परत पहिल्यापासून. आणि सक्तीनं बराकीत कोंबलेली पोरं सरळच होतात असंही नाही, दक्षिण कोरियात 2014 ला सिनियरांच्या मारहाणीत एक शिपाई मेला होता.

फुकटात म्हणाल तर आकडा मांडूया. आपल्याकडं दरवर्षी कोटीभर पोरं अठरा वर्षांची होतात आणि तिन्ही दलं मिळून फौज साधारण 14 लाखांची. दोन वर्षांची सक्ती म्हणजे एका वेळी दोन कोटी पोरं! बराकी, बूट, रायफली, जेवण सोडा, शिकवायला हवालदार कुठनं आणणार? सगळी फौज मास्तरकी करत बसायची.

आणि आपल्याकडं माणसांची टंचाई आहेच कुठं, पिढ्यान्पिढ्या फौजेत पोरं पाठवणारी सैनिक टाकळीसारखी गावं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत, पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटरचं टायमिंग लावून पळणारी पोरं बघा, त्यातली बरीच भरतीत बाद होऊन घरी येतात.

एक मात्र खरं, राजीखुशीच्या फौजेलाही अडचण येते. बाहेर नोकऱ्या बऱ्या असल्या की कोण जातंय, अमेरिकेत 1973 पासून सक्ती नाही आणि 2022 ला त्यांच्या आर्मीला 60,000 पोरं हवी होती, सुमारे 15,000 कमी पडली. स्वीडननं 2010 ला सक्ती थांबवली, पोरं मिळेनात आणि रशियाची भीती वाढली म्हणून 2017 ला परत आणली, पण कशी, तर अठरा वर्षांच्या सगळ्या पोरापोरींकडनं फॉर्म भरून घ्यायचा आणि लाखभरातनं काही हजारच उचलायचे, ते पण शक्यतो ज्यांना जायचंय आणि जे फिट आहेत तेच. म्हणजे चौकात बसणारं तुमचं पोरगं तिथं पण फॉर्मवरच बाद.