रिपोर्ट लाल होऊ द्यायचा नसेल तर

साइटचा सेफ्टी रिपोर्ट सहीसाठी तुमच्या टेबलावर आला, की निरीक्षणं वाचत बसू नका. सरळ उजवीकडचा शेवटचा रकाना बघा: हाय, मीडियम, लो. हाय म्हणजे त्या जागेचं काम तिथल्या तिथे बंद. गवंडी बसून राहणार, कंत्राटदार मजुरीचं बिल लावणार आणि संध्याकाळी वरून फोन येणार. तेव्हा तपासणी झाली ती झाली, आता खरी कारागिरी तुमची.

समजा बारा मजली इमारत आहे आणि पश्चिमेच्या बाजूला बाहेरचं प्लास्टर चालू आहे. पहिलं निरीक्षण: परांचीवरच्या काही जणांनी हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावलेला नाही. याला बेधडक हाय द्या. पट्टे दुपारपर्यंत लागतात, खर्च शून्य, फोटो छान येतो आणि तुम्ही किती कडक आहात हेही सिद्ध होतं. पट्टा बिनकामाचा आहे असं नाही. माणूस तोल जाऊन पडला, तर पट्टा नसलेलं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच निघून जातं. फक्त सातव्या मजल्यावरून पडणाऱ्याला पट्टा लावलेलं हेल्मेट तरी किती पुरणार, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. त्या प्रश्नाचं बोट धरून माणूस दुसऱ्या निरीक्षणापाशी जातो.

आणि दुसरं निरीक्षण त्रासदायक आहे. चौथ्या ते सातव्या मजल्यापर्यंत परांचीचे भिंतीत अडकवलेले टाय काढलेले आहेत. कुणी काढले हे विचारायची गरजच नाही. टाय प्लास्टरच्या आड येतो, त्याच्याभोवती हात फिरवता येत नाही, म्हणून गवंडी तो सोडतात आणि ‘झालं की लावतो’ म्हणतात. मग खालच्या पट्ट्यात काम संपतं, माणसं वर सरकतात आणि टाय राहून जातो. आता सव्वा मीटर रुंदीची परांची स्वतःच्या पायावर चार-पाच मीटरपर्यंत कशीबशी उभी राहते. त्यापुढे तिला धरून ठेवते ती इमारत. इथे चार मजले, म्हणजे जवळपास बारा मीटर, ती कुणालाच धरून नाही.

त्यात रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर ‘चांगल्या बाबी’ या मथळ्याखाली लिहिलंय: परांचीला हिरवी जाळी व्यवस्थित लावली आहे. छानच! जाळीमुळे विटेचे तुकडे खाली पडत नाहीत, पण वारा सुटला की ती शिडासारखी फुगते. म्हणून जाळी लावलेल्या परांचीला टाय जास्त लागतात. पहिला वळीव कधीही येऊ शकतो. तरी ही दोन निरीक्षणं वेगळ्या पानांवर आहेत, हे तुमचं नशीब. कुणी ती शेजारी ठेवून वाचणार नाही, याची काळजी घ्या.

गंभीरता काढायला तक्ता असतोच: परिणाम गुणिले शक्यता. परिणामाला हात लावू नका. माणसं वर असताना परांची कोसळणं म्हणजे पाच, त्यात घासाघीस दिसून येते. हात मारायचा तो शक्यतेवर. खरं तर चार लिहायला हवेत आणि वीस गुण म्हणजे हाय. तुम्ही दोन लिहा. कारण? परांची अजून उभी आहे, आजवर पडलेली नाही. पाच दुणे दहा, मीडियम. कुणी शंका काढलीच तर शिडीच्या पायथ्याचा, परांची तपासून सुरक्षित ठरवल्याचा हिरवा टॅग दाखवा. त्यावरची तारीख टाय काढायच्या आधीची आहे, म्हणजे टॅग त्या दिवशी अगदी खरा होता.

तिसरं निरीक्षण परमिटचं, त्याला लो लिहून मोकळे व्हा. कागदोपत्री त्रुटी! उंचीवरच्या कामाचं परमिट रोज सकाळी निघतं. जागेच्या ठिकाणी ‘सर्व बाजू’, आणि यादीतल्या बारा मुद्द्यांवर टिका अशा, की पेन कागदावरून उचललेलंच नाही. वरपासून खालपर्यंत एकच नागमोडी रेघ. त्यातला सहावा मुद्दा ‘परांची व टाय तपासले’ हा आहे. सही करणारा एकदा जरी वर चढला असता, तरी दुसरं निरीक्षण जन्मालाच आलं नसतं. पण असं जोडून वाचलं तर ‘लो’चा ‘हाय’ होईल, सहीवाल्याला जाब विचारावा लागेल, आणि तो बहुतेक तुमच्याच हाताखाली असेल.

आता गोषवारा लिहा: एक हाय, त्याच दिवशी निकाली, बाकी नियंत्रणात.

राहिला टाय परत लावल्याचा पुरावा. कंत्राटदाराकडून जवळून काढलेला फोटो मागवा, ज्यात नवा कोरा क्लॅम्प चमकताना दिसेल. मजला कुठला, विचारू नका. टायचं दुसरं टोक भिंतीतल्या अँकरमध्ये आहे की बाइंडिंग वायरने खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलंय, तेही नको. ग्रिल फोटोत येणार नाही, एवढं मात्र फोटो काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.