कोकम बटर पावसाळ्यात: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, तुमचा लेख वाचून जुलैत बॉडी बटर केलं. माझ्या नेहमीच्या कृतीत ६० ग्रॅम शिया आणि ४० ग्रॅम खोबरेल असतं, त्यात शियाच्या जागी तेवढंच कोकम बटर घातलं. डबीत दगड झाला, वर कणी धरली, आणि अंगाला लावलं तर चिकचिक तशीच. शिया काय, कोको काय, कोकम काय, शेवटी सगळी चरबीच. कोकम आपल्या कोकणातलं म्हणून तुम्ही उगाच डोक्यावर घेताय."

नमस्कार. माप दिलंत ते फार बरं झालं, कारण दगड का झाला ते त्या मापातच आहे.

तिन्ही घट्ट तेलंच आहेत, हे खरं. पण कोणतं तेल कोणत्या तापमानाला किती घट्ट राहतं, यावर अंगावरचा सगळा अनुभव ठरतो. शिया साधारण ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान वितळतं, पण त्यात ओलिक आम्लाचा, म्हणजे पातळ राहणाऱ्या भागाचा, वाटा मोठा असतो. त्यामुळे जुलैत नाशिकच्या घरात २६-२७ अंशांना त्याचा बराचसा भाग आतून आधीच मऊ पडलेला असतो. बोट सहज आत जातं. कोकम बटरमध्ये निम्म्याहून जास्त वाटा स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते वितळायला ३८ ते ४२ अंश लागतात. त्याच २७ अंशांना ते जवळजवळ पूर्ण घट्ट असतं. म्हणजे ६० ग्रॅम शिया काढून ६० ग्रॅम कोकम घातलं की डबीतला घट्ट भाग कितीतरी वाढतो. उरलेलं ४० ग्रॅम खोबरेल त्याला मऊ करायला पुरत नाही. या दोघांची अदलाबदल सारख्या वजनाने होत नाही.

आता दमट हवेचा मुद्दा, ज्यासाठी मी कोकमाची बाजू घेते. हातापायांच्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं. शिया त्या उबेला आणखी पातळ होतं आणि तसंच राहतं. कोको बटर ३४-३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या अगदी काठावर. चोळलं की त्याचं तेल होतं. कोरड्या हवेत हे सुखाचं वाटतं. पावसाळ्यात मात्र घाम वाळत नाही, वरचं तेल पातळ आणि खालचं पाणी अडकलेलं, म्हणून कपडा अंगाला चिकटतो. कोकम त्वचेच्या उबेने पूर्ण वितळतच नाही. "लावताच विरघळतं" असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ते तळहातावर घासूनच मऊ होतं. वडीवरून येतंही थोडंच, आणि चोळायचं थांबलं की ते पुन्हा घट्ट होऊन पातळ, कोरडा थर धरतं. हात तेलकट न लागता मेणासारखा लागतो तो याचमुळे.

तुम्हाला चिकचिक लागली ती खोबरेलाची. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं, त्यामुळे अंगावर तुमचं ४० टक्के मिश्रण निव्वळ तेल होतं. शिवाय बटर दगडासारखं असलं की आपण जास्त घासतो आणि जास्त लावतो.

कणी हे वेगळं प्रकरण आहे. मिश्रण सावकाश थंड झालं की आधी जास्त वितळणबिंदू असलेला भाग गोळा होतो आणि त्याचे रवे होतात. पावसाळ्यात स्वयंपाकघर उबदार असतं, ओट्यावर ठेवलेली डबी तासन् तास निवत नाही, म्हणून हा त्रास याच दिवसांत जास्त. नीट न वितळलेल्या बारीक कणांभोवतीही रवे जमतात. शियालाही असंच होतं. कोको बटरचे तर स्फटिकांचे सहा प्रकार धरले जातात. चॉकलेट करताना तापमान सांभाळावं लागतं ते त्यासाठीच.

तुमची चिकचिकीची तक्रार मात्र मला पटते, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते: जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या अंगाला कोणतंच बटर लावू नये. हवेत ओल असताना त्वचेतलं पाणी कमी उडतं, त्यामुळे जाड थराची गरजच कमी असते. पाठ, मान, काखा, जांघा इथे तर मुळीच नको. घामोळं उठतं, आणि आधीच गजकर्ण असेल तर ओल कोंडून ते पसरायला वाव मिळतो. कोकम लावायचं ते टाचा, कोपरे, गुडघे आणि फार तर नडग्या, एवढ्याच जागी. आंघोळीनंतर पाय टिपून, किंचित ओलसर असताना, हरभऱ्याएवढं पुरतं. कोकणात भेगांना कोकमतेल लावतात, ती जागा अचूक निवडलेली आहे.

शियाला मी कमी लेखत नाही. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी आली, हातावर पांढरे ओरखडे उठू लागले, की माझ्याकडे शियाच बाहेर येतं. त्यात साबण न होणारा अंश कोको आणि कोकमापेक्षा बराच जास्त असतो आणि त्याचा मऊ थर तासन् तास टिकतो. नेमकी तीच गोष्ट पावसाळ्यात नकोशी होते. कोको मी ओठांच्या वड्यांसाठी ठेवते.

विकत घेताना एक बघा. शुद्ध कोकम बटर ३० अंशांनाही कडक असतं, तुकडा मोडला तर कट् असा मोडतो. जुलैत दुकानातच ते बोटाने दाबलं जात असेल, तर त्यात दुसरं मऊ तेल आहे असं धरा. रंगावर मात्र जाऊ नका. घरगुती काढलेलं मळकट पिवळसर-राखाडी असतं, शुद्धीकरण केलेलं पांढरं.

आता तुमची डबी. फेकू नका. शंभरातलं ५० ग्रॅम मिश्रण काढा. त्यात ३० ग्रॅम कोकम आणि २० ग्रॅम खोबरेल आहे. त्यात ७० ग्रॅम गोडं बदाम तेल घाला. एकूण १२० ग्रॅम होईल आणि कोकम २५ टक्क्यांवर येईल, जे बोटाने उचलता येतं. गरम पाण्यावर भांडं ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवा, आणि पारदर्शक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे जुने रवे उरणार नाहीत. मग भांडं बर्फाच्या पाण्यात धरून सतत ढवळा. कडेला पांढुरकं दिसू लागलं की कड खरवडून आत घ्या. दाट पिठल्यासारखं झालं की लगेच कोरड्या डबीत ओता आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. भांड्याबाहेरचं पाणी आत उडू देऊ नका. यात संरक्षक नाही, त्यामुळे चार थेंब पाण्यानेही बुरशी धरू शकते. डबी न्हाणीघरात ठेवू नका आणि कोरड्या चमच्यानेच काढा.

दुसऱ्या दिवशी बोट दाबून बघा. अजून कडक वाटलं तर पुन्हा वितळवून दहा ग्रॅम तेल वाढवा; फार मऊ झालं तर उरलेल्या ५० ग्रॅममधला एक चमचा त्यात घाला. उरलेलं तसंच घट्ट राहू द्या आणि त्याची वडी करून टाचांना घासा, त्या कामाला ते आहे तसं चांगलं आहे.