प्रार्थनीय उपस्थिती आणि बेपत्ता पत्ता

लांबलचक निवेदन हातात देऊन 'याचं जरा इन्स्टाग्रामसाठी छोटं कॅप्शन करून दे' असं जो सांगतो, त्याला त्या 'जरा'मध्ये काय काय दडलंय याची कल्पना नसते. निवेदन लिहिणाऱ्याला पान मोकळं मिळालेलं असतं. कॅप्शनवाल्याच्या वाट्याला मोबाइलच्या दोन ओळी येतात, आणि त्या दोन ओळींत संस्था, तिची परंपरा, अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि आभारप्रदर्शक असे सगळेच दाटीवाटीने बसायला तयार असतात. बाहेर उभे राहतात ते तिघे : तारीख, वेळ आणि ठिकाण.

उदाहरणच घेऊ. एका ग्रंथालयाचं निवेदन असं आहे :

'आमच्या ग्रंथालयाच्या वर्धापन दिनाचे औचित्य साधून, गेली अनेक वर्षे अखंडपणे चालत आलेल्या व्याख्यान परंपरेस अनुसरून, जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीविषयी एका सचित्र व्याख्यानाचे आयोजन करण्यात आले आहे. इच्छुकांनी आपली नावे मंगळवार, दि. १० मार्चपर्यंत तळमजल्यावरील कार्यालयात सकाळी ११ ते ५ या वेळेत नोंदवावीत. सभागृहाची दारे ५ वाजता उघडतील व कार्यक्रम ठीक साडेपाच वाजता सुरू होईल. तरी येत्या शनिवारी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. स्थळ : छोटे सभागृह, दुसरा मजला.'

घाईत असलेला माणूस कात्री शेपटापासून चालवतो. त्यात पहिला बळी जातो ठिकाणाचा, कारण 'स्थळ' शेवटी लिहायचं हा निवेदनांचा अलिखित नियम आहे. उरतं काय, तर औचित्य, परंपरा आणि आयोजन. लोकांना परंपरा कळते, जायचं कुठे ते कळत नाही. दुसरा हुशार माणूस कात्री न चालवता आकडे शोधतो. त्याला पहिली तारीख दिसते १० मार्च, पहिली वेळ दिसते ११ ते ५, पहिली जागा दिसते तळमजल्यावरचं कार्यालय. तिन्ही उचलून तो नीटनेटकं कॅप्शन बनवतो, आणि मंगळवारी चार-दोन घड्याळप्रेमी नावनोंदणीच्या खिडकीसमोर व्याख्यानाची वाट बघत बसतात.

खरी गोम इथे आहे. लांब निवेदनात तारखा, वेळा आणि जागा एकेकच क्वचित असतात. वर पाहा : तारखा दोन, जागा दोन, आणि पाच वाजता तर दोन गोष्टी घडतात, एके दिवशी कार्यालय बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी दारं उघडतात. म्हणून कापण्याआधी प्रत्येक आकड्याला 'तू कशाचा?' हे विचारायचं. दहा तारीख नावनोंदणीची. पाच वाजताची वेळ दारांची. साडेपाच व्याख्यानाची, आणि कॅप्शनला हीच हवी. बरं, व्याख्यानाची तारीख कुठेय? नाहीच. 'येत्या शनिवारी' एवढ्यावर भागवलंय. कॅलेंडर उघडून तो शनिवार १४ मार्चचा आहे हे आपणच काढायचं आणि आयोजकाला विचारून पक्कं करायचं. आपलं गणित बरोबर असलं तरी विचारायचं, कारण निवेदन दोन आठवडे आधी लिहून ठेवलेलं असू शकतं आणि त्यातला 'येता' शनिवार एव्हाना येऊन गेलेला असतो.

'येत्या', 'उद्या', 'आज' हे शब्द कॅप्शनमध्ये मी मुळीच ठेवत नाही. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्याच्याच दिवशी सगळ्यांना दिसते असं नाही. सोमवारी टाकलेलं 'उद्या' कुणाला गुरुवारी दिसतं. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एक चुकलं तर दुसरं चुगली करतं : 'रविवार, १४ मार्च' वाचून कुणीतरी विचारतंच की बाबा, नक्की काय? नुसत्या '१४'ला ती सोय नाही. महिना मात्र अक्षरी हवा. १४/३ एकवेळ चालून जाईल, पण ५/४ म्हणजे एकाला पाच एप्रिल वाटतो आणि दुसऱ्याला चार मे, आणि दोघंही आपापल्या दिवशी सभागृहाला कुलूप बघून येतात.

वेळेच्या बाबतीत 'ठीक' हा शब्द आधी काढा. 'ठीक साडेपाच' लिहिल्याने कुठलाही कार्यक्रम आजवर लवकर सुरू झालेला नाही. 'संध्याकाळी' मात्र राहू द्या. पहाटे ५:३०ला कुणी येणार नाही हे खरं असलं, तरी सकाळी ९ आणि रात्री ९मध्ये घोळ होतोच. आणि 'रात्री १२' तर कधीच लिहू नका. ती कुठल्या तारखेची रात्र, यावर आयोजकांचंही एकमत नसतं.

आता मोजमाप. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांपर्यंत कॅप्शन घेतं, पण 'more' दाबण्याआधी त्यातली साधारण १२५च दिसतात. ओळी तोडल्या तर त्याहूनही कमी. शिवाय आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा 'कार्यक्रम' मोजणीत नऊ जागा खातो. त्यामुळे 'आयोजन करण्यात आले आहे' या वाक्याला हाकलून दिलं की केवढी जागा मोकळी होते ते बघाच.

तर सगळ्यात आधी त्रिकूट, पहिल्या दोन ओळींत :

शनिवार, १४ मार्च, संध्याकाळी ५:३०
ग्रंथालय, छोटं सभागृह, दुसरा मजला
जुनी घड्याळं कशी दुरुस्त करतात: सचित्र व्याख्यान

पहिल्या दोन ओळींना मिळून ६७ अक्षरं लागली, तिन्हींना ११६. 'छोटं' आणि 'दुसरा मजला' गाळायचा मोह होतो, तो आवरा. छोटं सभागृह आहे म्हणजे कुठेतरी मोठंही असणार, आणि लोक आधी तिथेच जाऊन बसतात. शेजारच्या कार्यक्रमातून अर्ध्यात उठायला लाज वाटते म्हणून काही जण तिथेच संपेपर्यंत थांबतात, ही वेगळी गोष्ट.

नावनोंदणी चौथ्या ओळीत जाते : 'नावनोंदणी १० मार्चपर्यंत, तळमजल्यावरच्या कार्यालयात.' इथे 'नावनोंदणी' हा शब्द तारखेच्या आधीच यायला हवा. '१० मार्चपर्यंत नावनोंदणी' लिहिलं, तर वरवर वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त '१० मार्च' शिरतं. नोंदणीशिवाय प्रवेशच नसेल, तर मात्र ही ओळ 'more'च्या खाली लपवून चालणार नाही. तेव्हा तिसऱ्या ओळीतला विषय छाटून 'घड्याळ दुरुस्तीवर व्याख्यान' करा आणि पुढे 'नोंदणी आवश्यक' जोडा. सचित्र आहे हे पोस्टरवर दिसेलच.

पोस्टरवर तारीख आहे, मग कॅप्शनमध्ये कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो. पोस्टर म्हणजे चित्र. दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइलला त्यातली अक्षरं नीट वाचता येतीलच असं नाही, आणि त्यावरची सोनेरी, वळणदार तारीख डोळस माणसालाही बोटांनी मोठी करूनच वाचावी लागते.

शेवटी हे कॅप्शन मूळ निवेदन न वाचलेल्या कुणाला तरी दाखवून विचारा : कधी, किती वाजता, कुठे? आमच्या नमुन्यावर तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येतं, 'कुठलं ग्रंथालय?' ग्रंथालयाच्या स्वतःच्या खात्यावर हा प्रश्न पडत नाही, पण मजकूर कॉपी होऊन व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की खात्याचं नाव मागेच राहतं. म्हणजे 'ग्रंथालय'च्या जागी पूर्ण नाव हवं. १२५मधली नऊ अक्षरं अजून शिल्लक आहेत, ती त्यासाठीच. फक्त ती शिल्लक आहेत हे अध्यक्षांना कळू देऊ नका. 'सस्नेह' त्यात आरामात बसतं, हे त्यांना लगेच मोजता येतं.