लग्नाच्या गर्दीत कुणाच्या मनात काय आहे, हे कशावरून ओळखायचं?

"लेख वाचला. नजरेवर जाऊ नका, वागणं बघा असं तुम्ही लिहिलंय. पण चार मावश्या आणि दोन काका बघत असताना ज्याला खरंच कुणी आवडलेलं असतं तो मुद्दाम लांब राहतो. मग वागण्यात दिसणार काय? आणि असं काही वाचून मुलं प्रत्येक हसून बोलणाऱ्या मुलीच्या मागे लागतात, त्याची जबाबदारी कोण घेणार?"

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

आवड असलेला माणूस लांब राहतो हे अगदी खरं. पण ज्याला आवड नाही तोही लांबच राहतो, आणि जो वैतागलाय तोही. त्यामुळे नुसत्या अंतरावरून काहीच कळत नाही. कळतं ते अंतर कधी बदलतं यावरून. मोठी माणसं जवळ आली की बोलणं तुटलं, ही अर्धीच गोष्ट झाली. ती माणसं निघून गेल्यावर काय होतं, ते बघायचं. नातेवाइकांमुळे बाजूला झालेली व्यक्ती, ते गेल्यावर कधी ना कधी आपणहून परत येते. लगेच नाही, कदाचित तासाभराने, कदाचित सोबत एखाद्या बहिणीला किंवा लहान मुलाला घेऊन. तुमच्यामुळे बाजूला झालेली व्यक्ती, जागा रिकामी असली तरी परत येत नाही. निघून जाणं दोघांचं सारखंच दिसतं. फरक परतण्यात असतो.

एक प्रसंग धरून चालू. दोन दिवसांचं लग्न आहे. मुलगी नवरीची चुलत बहीण, मुलगा नवऱ्याचा मित्र. पहिल्या दिवशी दुपारी ती त्याला विचारते, "जेवलात का?" हसून विचारते. याचा अर्थ शून्य धरावा. पाहुण्यांची विचारपूस हे त्या दिवशी तिचं काम आहे, आणि बाजूच्या खुर्चीवरच्या आजोबांनाही तिने तेवढंच हसून विचारलंय. इथे एक सवय लावून घ्यावी: कुठल्याही खुणेला किंमत देण्याआधी ती व्यक्ती इतरांशी कशी वागते ते बघायचं. सगळ्यांशी मोकळी असेल तर तुमच्याशी मोकळं असणं म्हणजे तिचा स्वभाव. फोटोसाठी शेजारी उभं राहणंही असंच, कारण कोण कुठे उभं राहील हे बहुतेक वेळा फोटोग्राफर आणि काकू ठरवतात.

संध्याकाळी दोघं पाच मिनिटं बोलतात. तो सहज सांगतो की त्याला उद्या दुपारी परतायचंय. तेवढ्यात तिची आत्या येते, आणि ती "बघते हं, आत काम आहे" म्हणून निघून जाते. आता पुढे दोन वाटा आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात काही काम नसताना ती स्वतः थांबते आणि विचारते, "दुपारी निघणार होतात ना? कशाने जाताय?" म्हणजे बोललेलं तिच्या लक्षात राहिलंय आणि ज्या प्रश्नाची गरज नव्हती तो तिने विचारलाय. त्याने उत्तर दिल्यावर तिने आणखी एक प्रश्न काढला, तर बोलणं वाढवण्याचा भार ती उचलते आहे. मला विचाराल तर गर्दीतली सगळ्यांत भरवशाची खूण हीच: कामाचं निमित्त संपल्यावरही कोण थांबलं आणि पुढचा प्रश्न कुणी काढला. दुसरी वाट अशी की सकाळी ती दिसते, मान हलवून ओळख देते आणि पुढे जाते. एकदा असं झालं तर घाई असेल. आत्या नसतानाही पुन्हा तसंच झालं, तर उत्तर मिळालेलं आहे.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. आदल्या संध्याकाळी ती आत गेल्यावर तो मुलगा तिच्या मागे गेला असता, पाणी मागायच्या निमित्ताने दोनदा तिच्यासमोर आला असता, तर हे काहीच कळलं नसतं. मग ती त्याच्याशी बोलली असती ती सुटका नव्हती म्हणून, आणि त्याने तो होकार समजला असता. मागे लागणं असभ्य तर आहेच, पण त्याने वाचण्यासारखी खूणच पुसली जाते. परत येण्याची मोकळीक असल्याशिवाय परत येण्याला अर्थ नाही. म्हणून एका जागी राहायचं, आपण कुठे आहोत ते दिसेल असं राहायचं, आणि तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

तुमची काळजी निराधार नाही, याला आधार आहे. १९८२ साली अँटोनिया अ‍ॅबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग छापला. अनोळखी मुलगा-मुलगी पाच मिनिटं बोलतात आणि दुसरे एक मुलगा-मुलगी त्यांना लपून बघतात. मुलीच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यात मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त सूचकपणा दिसला. बोलणाऱ्याच नव्हे, नुसत्या बघणाऱ्या मुलग्यालाही. २००९ साली छापलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, जोडीदार शोधणाऱ्या अनोळखी स्त्री-पुरुषांच्या भेटींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. पुरुषांची आवड बघणाऱ्यांना बऱ्यापैकी ओळखता आली, बायकांची ओळखणं जास्त अवघड गेलं. हे प्रयोग लग्नाच्या हॉलमध्ये झालेले नाहीत, तेव्हा ते जसेच्या तसे उचलू नयेत. पण "मला तिच्या डोळ्यांत दिसलं" असं म्हणणाऱ्या मुलग्याने आणि "आम्हाला बघताक्षणी कळलं" म्हणणाऱ्या मामीनेही थोडं थांबावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

मामीचा उल्लेख मुद्दाम केला. गर्दीतली चूक फक्त दोघांची राहत नाही. मुलाने चुकीचं वाचलं तर त्याचा एक दिवस खराब होतो. मुलीबद्दल मात्र पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात कुजबूज होते, तीही तिने काहीच केलेलं नसताना. म्हणून खुणा कितीही अनुकूल वाटल्या तरी शेवटचं पाऊल असं हवं की "नाही" म्हणणं तिला स्वस्त पडेल. सगळ्यांसमोर विचारायचं नाही. मित्राला किंवा वहिनीला मध्ये घालायचं नाही, कारण मग नकार दोन घरांत फिरतो. लग्नासाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज करायचा नाही. तो नंबर तिने तुम्हाला दिलेला नाही. निघताना, कुणी ऐकत नसेल अशा क्षणी पण माणसांच्या नजरेआड न नेता, एवढं म्हणता येतं: "तुमच्याशी बोलून छान वाटलं. पुढे बोलायला आवडेल तुम्हाला, तर हा माझा नंबर." तिचा मागायचा नाही. ती तिथल्या तिथे काही बोलली नाही तरी चालतं. तिला ठरवायला घर गाठेपर्यंतचा आणि त्यानंतरचाही वेळ मिळतो, आणि मेसेज आला नाही तर कुणाचंही तोंड कुणाला चुकवावं लागत नाही.

मुलींनी पुढाकार घ्यायचा असेल तर हेच सगळं तसंच लागू आहे. पाहुण्यांमध्ये धावपळ करणारा भाऊही कामापुरतंच हसतो.

राहता राहिली अशी माणसं, जी आवड असूनही दोन दिवसांत एकदाही परत येत नाहीत, कारण घरचा धाक खरोखर तेवढा आहे. ती माणसं या पद्धतीने हुकतात, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यांना गाठायचा जो दुसरा मार्ग आहे, मागे जाऊन खात्री करण्याचा, तो अवलंबला की त्याच धाकाखालची, मनात काहीही नसलेली मुलगीही कोंडीत सापडते. बाहेरून त्या दोघी वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून मी हुकणं पत्करायला सांगतो.