हालु, हल्लु, हाळु

परवा बेळगावच्या टिळकवाडीत दातांच्या दवाखान्यात गेलो आणि तीनशे रुपये देऊन वर बोलणी खाऊन आलो. फी डॉक्टरांनी घेतली. बोलणी बाकावरच्या एका अज्जीनं दिली, ती मात्र फुकट.

आमच्या चिरंजीवांचं वय एक वर्ष आठ महिने. समोरच्या वरच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली, म्हणून नंबर लावला होता. मी ती रेघ नाचणीच्या पेजेची समजून आठवडाभर फडक्यानं पुसत होतो. ती जाईना.

शेजारी अज्जी बसली होती. हिरवं इरकल, कपाळावर विभूती, आणि दवाखाना आपल्याच मालकीचा असल्यासारखी नजर. तिनं विचारलं, "रात्री बाटली कोडतीरेन?" माझं कन्नड भाजी मंडईपुरतं. बाटली तेवढी समजली. मी मान हलवली.

तिनं पर्समधून रुमाल काढला, पोराचा वरचा ओठ वर केला, दात पुसून कोरडे केले आणि खिडकीच्या उजेडात धरले. माझी परवानगी कोण विचारतंय! अनोळखी माणसाला लांबूनच भोकाड पसरून सलामी देणारा आमचा पोरगा तिच्यापुढं सालस झाला. मग तिनं निकाल दिला, "हालिनिंद हल्लु हाळु."

मला वाटलं, पोराला जिभेचा व्यायाम देतेय. माझ्याकडूनही तीनदा म्हणवून घेतलं. हालु म्हणजे दूध. हल्लु म्हणजे दात. आणि हाळु, शेवटी ळ, म्हणजे सत्यानाश. दुधानं दातांचा सत्यानाश! ल आणि ळ मधला फरक मला जमेना, तशी अख्खी खोली हसायला लागली. कंपाउंडरसुद्धा. मराठी माणसाला ळ शिकवायला कुणीतरी लागावं, हे बेळगावातच घडतं. मी म्हटलं, "अज्जी, आमच्यात याला दातांचे हाल म्हणतात." ती म्हणाली, "हाल तुम्ही केलासा."

आत डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त खुर्चीत बसवून. झोपेत लाळ जवळजवळ आटते. बाटली तोंडात ठेवून पोरगा झोपला की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं, त्यातल्या साखरेवर जंतू पोसतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दातातली खनिजं झिरपून जातात, तीच ती पांढरी रेघ. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ होते, कारण त्यांच्यावर जीभ पांघरलेली असते आणि लाळही तिथंच सुटते. पांढरं असेपर्यंत परतीची वाट आहे. पिवळं-तपकिरी झालं, खड्डा पडला, की मग भरणं आलं. "पडणारेच दात आहेत ना?" हा माझा प्रश्न. पुढचे सहा-सात वर्षांपर्यंत, दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात, असं ते म्हणाले. तोवर दुखणार कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. दाराबाहेरून अज्जीनं विचारलं.

मग पेस्टचं प्रकरण. मी लहान मुलांची म्हणून, हत्तीचं चित्र असलेली, 'गिळली तरी चालेल' अशी ट्यूब वापरत होतो. डॉक्टरांनी ती उलटी करून बारीक अक्षरं दाखवली: फ्लोराइड नाही. म्हणजे सहा महिने पोराला स्ट्रॉबेरी चाटवत होतो म्हणा! हे हत्तीखाली मोठ्या अक्षरांत लिहायला काय धाड भरली होती? पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट सुरू करायची, पाकिटावर किमान १००० पीपीएम बघून. पण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रशवर पुसल्यासारखी, आणि ती लावायची मोठ्या माणसानं. पुढं सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जास्त गिळत राहिला तर हिरडीखाली तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर डाग उमटू शकतात, म्हणून हा हिशेब. ब्रश झाल्यावर थुंकायला शिकवायचं, चूळ भरायला लावायची नाही.

मी विचारलं, "तांदूळ बासमती की सोनामसुरी?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दातांवर ब्रशनं फ्लोराइडचा लेप लावला आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

बाटली सोडवायची रीत अशी: रोज रात्री दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त, आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी. दिवसा दूध पेल्यातून. शेवटचं दूध झालं की ब्रश, मग सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी "लेकराला उपाशी ठेवतासा?" म्हणून गुपचूप कुंद्याचं बोट चाटवलं. म्हणजे दूध, साखर आणि पुन्हा दूध, तेही ब्रशनंतर.

काल पाचवी रात्र. अडीच वाजता पोरगा उठला, बाटली तोंडात घातली, चव बदललेली कळली आणि ती थेट माझ्या नाकावर फेकली. मग सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "हालु! हालु!"

त्याला अजून ळ म्हणता येत नाही. तेव्हा तो दूध मागत होता की माझ्याबद्दल मत देत होता, हे अज्जीलाच विचारावं लागेल.